‘सर्व्हर डाउन’ म्हणजे नेमके काय बंद?

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि पुढचे काही तास तो बहुतेकांना दिसलाच नाही. करोनामुळे परीक्षा झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लावला होता आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण होती. तरीही आपले गुण कुणाला पाहायचे नसतात? पावणेसोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि त्यांच्या घरची माणसे एकदमच मंडळाच्या संकेतस्थळांवर गेली आणि ती कोलमडली. नाशिक विभागीय मंडळातल्या नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चारही जिल्ह्यांतली मुले त्यात होती. चार वर्षांनी, २१ मे २०२५ रोजी, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. नाशिक महापालिका क्षेत्रात ही केंद्रीय पद्धत आधीपासून होती, पण त्या वर्षी ती पहिल्यांदाच साऱ्या राज्याला लागू झाली होती. पहिल्याच दिवशी पोर्टल बसले आणि नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली.

अशा दिवशी खिडकीच्या आतून ‘तांत्रिक अडचण’ आणि बाहेरून ‘सर्व्हर डाउन’ एवढेच ऐकू येते. दोन्हींतून काहीच कळत नाही. वेबसाइट म्हणजे एकच यंत्र नसते. पानाच्या फाइली, त्या वाटून देणारा पुढचा सर्व्हर, मागे चालणारा प्रोग्राम आणि त्याच्याही मागचा डेटाबेस अशी ती साखळी असते. त्यातली कोणती कडी तुटली यावर दुरुस्ती कोणी करायची हे ठरते. आणि ती कडी कोणती, याचा बराचसा पत्ता ब्राउझर प्रत्येक वेळी लिहून ठेवत असतो. तक्रारीसोबत हा लिहिलेला कागद मागायची पद्धत मात्र आपल्याकडे रुजलेली नाही, आणि ती रुजायला हवी.

तो कागद म्हणजे डेव्हलपर कन्सोल. संगणकावर क्रोम किंवा एजमध्ये F12 दाबले की पानाच्या कडेला एक पट्टी उघडते. तिच्यातल्या `Console` या भागात चुका लाल अक्षरांत येतात आणि `Network` या भागात पानाने मागवलेली प्रत्येक गोष्ट एकेका ओळीत दिसते: काय मागितले, उत्तर कोणत्या आकड्याने आले, किती वेळ लागला. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. `Network` पट्टी उघडल्यानंतरच नोंद घ्यायला लागते. म्हणून आधी ती उघडायची, मग पान पुन्हा लोड करायचे, मग स्क्रीनशॉट घ्यायचा. पान एकीकडून दुसरीकडे जात असेल तर `Preserve log` वर खूण करायची, नाहीतर नेमकी चूक पुसली जाते.

आता एक प्रसंग समजा. पंचवटीतल्या एका सेवा केंद्रावर कुणी अर्ज भरत आहे. जिल्हा ‘नाशिक’ निवडला, पण खालची तालुक्यांची यादी उघडतच नाही. पंधरा तालुक्यांपैकी एकही दिसत नाही, आणि तालुका निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्याच तासाला सिन्नर आणि मालेगावच्या केंद्रांवरही हेच घडते. तिघेही फोनवर एकच वाक्य बोलतात: ‘तालुका येत नाही, सर्व्हर डाउन आहे.’ तिघांनी कन्सोलचे स्क्रीनशॉट पाठवले असते, तर ही तीन निरनिराळी दुखणी आहेत हे लगेच कळले असते. पंचवटीच्या स्क्रीनशॉटमध्ये असे दिसते:

```
GET /favicon.ico   404 (Not Found)
GET /js/Form.js    404 (Not Found)
Uncaught ReferenceError: loadTaluka is not defined
```

तीन ओळी लाल आहेत, पण तिन्हींचे वजन सारखे नाही. पहिली ओळ सोडून द्यायची. `favicon.ico` म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे छोटे चिन्ह. ते नसल्याने कुठलाच अर्ज अडत नाही. शेवटची ओळ सगळ्यांत भीतीदायक वाटते आणि नवखा माणूस तिच्याच मागे लागतो. खरे तर ती परिणाम आहे, कारण नव्हे. `loadTaluka` हे तालुके आणणारे काम `Form.js` या फाइलीत लिहिलेले होते. फाइलच आली नाही, मग त्यातले काम कुठून सापडणार? कन्सोल नेहमी वरून खाली वाचायचा आणि कामाची पहिली चूक गाठायची, हा या धंद्यातला जुना शिरस्ता आहे.

म्हणजे खरा मुद्दा मधल्या ओळीतल्या 404 चा. या आकड्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की 404 म्हणजे साइट बंद. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सर्व्हर जागा आहे, त्याने मागणी ऐकली, आपल्याकडे शोधले आणि ‘या पत्त्यावर माझ्याकडे काही नाही’ असे उत्तरही दिले. बंद सर्व्हर 404 देऊ शकत नाही. तो काहीच देऊ शकत नाही. अशा वेळी आकड्याऐवजी `ERR_CONNECTION_TIMED_OUT` किंवा `ERR_NAME_NOT_RESOLVED` असली ब्राउझरची स्वतःची तक्रार दिसते. उत्तरच आले नाही, एवढाच तिचा अर्थ. तिथे आधी आपले नेट आणि साइटचे नाव तपासायचे.

मग पत्ता का चुकला? `Form.js` मधला मोठा F पाहा. पान लिहिणाऱ्याचा लॅपटॉप बहुधा विंडोजचा असतो. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे `form.js` ही फाइल `Form.js` या नावानेही तिथे बिनबोभाट उघडते. खरा सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचा असतो आणि त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत. लॅपटॉपवर चाललेले पान सर्व्हरवर चढले की लगेच 404. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे नवी आवृत्ती. बऱ्याच साइट फाइलींच्या नावात आवृत्तीचा शिक्का घालतात आणि नवी आवृत्ती चढवताना जुन्या फाइली काढून टाकतात. ज्याच्या ब्राउझरने कालचे पान जपून ठेवले आहे तो कालचीच फाइल मागतो आणि त्याला 404 मिळतो. तेव्हा Ctrl+F5 ने खरोखर काम होते, कारण ब्राउझर पान नव्याने आणतो. नाव मुळातच चुकले असेल तर मात्र दिवसभर रिफ्रेश करूनही काही होणार नाही. दोन्हीकडे दुरुस्ती पान चढवणाऱ्याच्या हातात आहे. मोठा सर्व्हर विकत घेऊन ती होत नाही.

मराठी साइटवर 404 चे आणखी एक कारण असते आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. समजा ‘कांदा-उत्पादक-शेतकऱ्यांची-यादी.pdf’ अशी फाइल कुणी साइटवर ठेवली. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. एक रीत म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पत्त्यात मात्र ते असे जातात:

```
ऱ + हलन्त             %E0%A4%B1%E0%A5%8D
र + हलन्त + जोडचिन्ह   %E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D
```

फाइल चढवणाऱ्याच्या कीबोर्डने एक रीत वापरली आणि पानावर लिंक टंकणाऱ्याच्या कीबोर्डने दुसरी, की 404 ठरलेला. दोघेही एकमेकांना नाव वाचून दाखवतात, ते जुळते आणि तरीही फाइल सापडत नाही. `Network` मधल्या त्या ओळीवर टिचकी मारून `Request URL` पाहिली की फरक उघडा पडतो. म्हणूनच जाणकार फाइलीचे नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवतात आणि मराठी शीर्षक पानावर लिहितात. यात मराठीची उपेक्षा काहीच नाही. यादी शेतकऱ्याला उघडता यावी, एवढीच त्यामागची कळकळ आहे.

सिन्नरचा स्क्रीनशॉट वेगळा आहे. तिथे सगळ्या फाइली आल्या आहेत आणि एकच ओळ लाल आहे:

```
GET /api/taluka?district=516   500 (Internal Server Error)
```

516 हा २०११ च्या जनगणनेतला नाशिक जिल्ह्याचा क्रमांक. इथे पत्ता बरोबर आहे, मागणी योग्य जागी पोचली आणि तिथला प्रोग्राम काम करता करता पडला. 4 ने सुरू होणारे आकडे सांगतात की मागणीत काही चूक दिसते. 5 ने सुरू होणारे आकडे सांगतात की चूक आमच्या बाजूची आहे. ही विभागणी वेबच्या पहिल्या वर्षांपासून चालत आली आहे आणि जून २०२२ च्या आरएफसी ९११० या प्रमाण दस्तऐवजातही ती तशीच आहे. 500 हा सर्व्हरचा कबुलीजबाब आहे, पण कारण न सांगितलेला. का पडलो, हे तो बाहेर सांगत नाही आणि सांगूही नये, कारण त्यातून आतली रचना परक्याच्या हाती जाते. कारण सर्व्हरच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिलेले असते.

तरीही बाहेर बसलेला माणूस एक मोलाची चाचणी करू शकतो. जिल्हा बदलून पाहायचा. पुणे निवडले की, म्हणजे 521 पाठवले की, तालुके नीट येतात आणि पुन्हा नाशिक निवडले की दर वेळी 500 येतो, असे असेल तर सर्व्हरवर ताण आहे ही सबब टिकत नाही. तोच प्रोग्राम, तोच सर्व्हर, तीच वेळ. बिघडलेली आहे ती नाशिकची माहिती. एखाद्या तालुक्याच्या नोंदीत रकाना रिकामा राहिला असेल, किंवा प्रोग्रामला न पचणारे एखादे चिन्ह नावात शिरले असेल. तीच मागणी दर वेळी तशीच पडते तेव्हा प्रोग्रामात किंवा माहितीत दोष असतो. तीच मागणी कधी पडते, कधी पार होते, तेव्हा ताणाचा संशय घ्यायचा. ‘516 ला नेहमी 500, 521 ला कधीच नाही’ एवढे वाक्य स्क्रीनशॉटखाली लिहिले, तरी आत बसलेल्या माणसाचे शोधायचे काम कितीतरी कमी होते.

मालेगावला हीच मागणी आणखी एका आकड्याने परतते: 504. हा आकडा मागच्या प्रोग्रामने दिलेला नसतो. तो पुढच्या सर्व्हरचा निरोप असतो. त्याने मागणी आत पाठवली, उत्तराची वाट पाहिली आणि ठरलेली मुदत संपल्यावर हात टेकले. एनजिनएक्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये ही मुदत कुणी बदलली नसेल तर ६० सेकंदांची असते. म्हणून `Network` मधल्या वेळेच्या रकान्यात `1.0 min` दिसले, तर आतला प्रोग्राम जिवंत आहे पण कुठेतरी अडकला आहे. बहुतेकदा तो डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत असतो. याचाच भाऊबंद 502. त्यातही पुढचा सर्व्हर ठणठणीत असतो, पण मागून त्याला धड उत्तर मिळालेले नसते. 502 काही मिलिसेकंदांत आला तर मागचा प्रोग्राम बहुधा बंदच पडला आहे. तिसरा 503. तो सांगतो की सध्या मला हे झेपत नाही, आणि त्याच्यासोबत `Retry-After` या नावाने ‘इतक्या सेकंदांनी या’ असा निरोपही देता येतो. नुसता आकडा पाहणाऱ्याला ही तिन्ही एकसारखी वाटतात. आकड्याशेजारची वेळ वाचणाऱ्याला मात्र कोणाला उठवायचे ते कळते.

कधीकधी कन्सोलच दिशाभूल करतो. अर्जाचे पान एका डोमेनवर आणि माहिती देणारा सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल, तर ब्राउझर आधी दुसऱ्याची परवानगी तपासतो. मागचा प्रोग्राम पडलेला असताना पुढचा सर्व्हर स्वतःचेच 502 चे पान पाठवतो आणि त्यावर परवानगीचा शिक्का नसतो. मग कन्सोलमध्ये `blocked by CORS policy` असे लांबलचक लाल वाक्य येते आणि कार्यालयात परवानग्यांचा खल सुरू होतो. त्याच्या खालच्याच ओळीत `net::ERR_FAILED 502` लिहिलेले असते. स्क्रीनशॉट कापून पाठवणाऱ्याने नेमकी तीच ओळ कापलेली असते! याहून वाईट म्हणजे पडलेली साइट जेव्हा ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असे पान 200 या यशाच्या आकड्यानिशी पाठवते. कन्सोल स्वच्छ दिसतो, देखरेख करणाऱ्या यंत्रणेला सगळे आलबेल वाटते आणि बाहेर लोक ताटकळत राहतात. अशी साइट बांधणे ही चूक आहे आणि ती चूक म्हणूनच मोजली गेली पाहिजे.

आता पुन्हा निकालाच्या दिवसाकडे वळू. पावणेसोळा लाख मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकी फक्त एकदा निकाल मागितला, तरी सेकंदाला सव्वीसशेच्या वर मागण्या होतात. एकेकाने पाच वेळा रिफ्रेश केले की त्या तेरा हजारांवर जातात. इथेच 5 च्या घरातल्या चुकांचा सगळ्यांत वाईट गुण दिसतो. 504 मिळालेला माणूस पुन्हा बटण दाबतो, पण त्याची आधीची मागणी आत अजून रेंगाळत असते. डेटाबेस सोडून गेलेल्यांसाठीही राबत राहतो आणि थांबलेल्यांना वेळ मिळत नाही. चुकीमुळे मागण्या वाढतात आणि मागण्यांमुळे चुका. म्हणून ताणाच्या वेळी एक मिनिट ताटकळत ठेवून 504 देण्यापेक्षा लगेच 503 आणि ‘इतक्या वेळाने या’ असा निरोप देणे कितीतरी चांगले. त्याने रांग लागते, पण यंत्रणा मरत नाही.

खरा प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. जाहीर झालेला निकाल त्या दिवशी बदलत नाही. मग प्रत्येक मुलासाठी डेटाबेसला जाऊन विचारायचे कशाला? एका मुलाचे गुण आणि नाव मिळून एक किलोबाइट धरले, तर साऱ्या राज्याचा निकाल दीड जीबीच्या आसपास बसतो. आदल्या रात्री प्रत्येक निकालाची एकेक तयार फाइल करून ठेवली आणि ती जागोजागच्या सर्व्हरवर पसरवली, तर मागे पडायला प्रोग्रामही उरत नाही आणि डेटाबेसही. बैठक क्रमांक किंवा आईचे नाव चुकले तर मुलाला 404 मिळेल, आणि तो खरा, कामाचा 404 असेल: ‘या नावाचा निकाल माझ्याकडे नाही, नीट तपासून पाहा.’ यावर आक्षेप येतो तो खासगीपणाचा. फाइलीचे नाव क्रमांक आणि आईच्या नावावरून बनवले, तर कुणी नेहमीची नावे घालून अंदाजाने दुसऱ्याचा निकाल उघडेल. आक्षेप रास्त आहे, पण हा धोका आजच्या फॉर्मलाही तितकाच आहे. एका ठिकाणाहून मिनिटाला किती प्रयत्न करू द्यायचे याची मर्यादा दोन्हीकडे घालावीच लागते आणि ती पुढच्या फळीतल्या सर्व्हरवर घालता येते.

अकरावीच्या प्रवेशाला मात्र हा उपाय सरसकट लागू पडत नाही. तिथे अर्ज भरले जातात, पसंतीक्रम बदलतात, पैसे भरले जातात. दर मागणीला काहीतरी लिहून ठेवावेच लागते. पण जिल्हे, तालुके, महाविद्यालयांची यादी, सूचना हे सगळे न बदलणारे आहे. ते डेटाबेसपासून वेगळे काढले, तर डेटाबेसची ताकद अर्ज नोंदवायला मोकळी राहते. तालुक्यांची यादी ताणामुळे 504 देते, तेव्हा ती मुळात चुकीच्या जागी ठेवली आहे, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा.

सामान्य माणसाने हे आकडे का वाचायचे, असे कुणी विचारेल. प्रत्येक पालकाने F12 दाबावे अशी अपेक्षाच नाही. पण नाशिकच्या सेवा केंद्रांवर, शाळांच्या कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत रोज कितीतरी अर्ज भरणारी माणसे आहेत. त्यांच्या एका स्क्रीनशॉटने तक्रार योग्य टेबलावर पोचते. तो पाठवताना एक काळजी घ्यायलाच हवी. पत्त्याच्या ओळीत अनेकदा आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक किंवा लॉगिनचे टोकन उघडे असते. ते झाकायचे. आकडा, पत्त्याचा मधला भाग आणि वेळ मात्र झाकायची नाही. मदत कक्षाने `Network` ची पूर्ण नोंद, म्हणजे हार फाइल, मागितली तर आणखी सावध राहायचे. तिच्यात लॉगिनची कुकी असू शकते आणि ती हाती आलेला माणूस अर्जदार म्हणून आत शिरू शकतो.

राहतात ती मोबाइलवर निकाल पाहणारी मुले, आणि तीच संख्येने सर्वांत जास्त. फोनच्या ब्राउझरला F12 नसते. त्यांच्यासाठी कन्सोलचे काम साइटलाच करावे लागेल. चुकीच्या पानावर ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांखाली तीन गोष्टी छापता येतात: आकडा, वेळ आणि त्या मागणीचा नोंद क्रमांक. तो क्रमांक आतल्या लॉगमध्येही असतो. दिंडोरीच्या मुलाने तो फोनवर वाचून दाखवला, तर मदत कक्षातल्या माणसाला लॉगमधली नेमकी ओळ शोधता येते आणि तालुक्यांची फाइल गायब आहे, नाशिकची नोंद बिघडली आहे की डेटाबेस अडकला आहे, हे त्या मुलाला तिथल्या तिथे सांगता येते.